सतरावी पातळी

सतरावी पातळी म्हणजे गेम डिझायनरबाईंचा जीव की प्राण. झुलत्या फळ्यांचा पूल तिनं तीन महिने खपून बांधला होता आणि त्याच्याविषयी कुणी ब्र काढलेला तिला खपत नसे.

आकडे सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला ऑफिसात सगळे शास्त्रीबुवा म्हणत. सोमवारी त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवली. कुणी पातळी सुरू केली, कुठे पडला, पार केली का, हे सगळं गेम नोंदवत असतो. "बाकीच्या पातळ्यांवर शंभरातले चारपाच जण गेम सोडतात. सतरावीवर बासष्ट."

"लोकांना धीर म्हणून नाहीच!" ती फणकारली.

"बरेचसे तिसऱ्याच फळीवर पडतात. पडलं की पुन्हा सुरुवातीपासून दोन मिनिटं चालायचं. सोडायच्या आधी सरासरी एकोणीस वेळा पडतात. धीर आहे की!"

आपण तो पूल हजारदा ओलांडलाय, डोळे मिटूनही जमेल, आणि त्यावरूनच आपण अवघडपणा ठरवला, हे तिच्या ध्यानात आलं.

चाचणीचे फोन हिशेबातून वगळायची यादी खाली होती. त्यात तिनंच चाचणीसाठी जोडलेला 'बाबा' नावाचा वडिलांचा फोन होता. सतरावी पातळी: एकशे चौदा वेळा सुरू, एकदाही पार नाही. त्यानंतर महिनाभर गेम उघडलेलाच नाही.

बाबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. "वेळच मिळत नाही गं खेळायला," असं ते म्हणाले होते. आणि गेल्या आठवड्यात म्हणाले, "हत्यारांची पेटी भाच्याला देतोय. बोटं पहिल्यासारखी राहिली नाहीत आता." या दोन गोष्टींचा संबंध तिनं लावलाच नव्हता. पुलावर पडून पडून बाबांनी दोष आपल्या बोटांना दिला होता.

त्याच दिवशी तिनं तिसऱ्या फळीचं झुलणं मंद केलं, फळी रुंद केली, आणि पुन्हा सुरू होण्याची जागा पुलाच्या तोंडाशी आणली. बदललेली पातळी नव्या खेळाडूंपैकी निम्म्यांनाच दिली, बाकीच्यांना जुनीच ठेवली, म्हणजे फरक कळेल. चाचणीच्या फोनवरही टाकली. बाबांना फक्त "एकदा बघा ना" एवढंच म्हणाली.

आठवड्यानं आकडे आले. जुन्या पुलावर शंभरातले एकसष्ट जण सोडत होते, नव्यावर नऊ.

दुपारी बाबांचा फोन आला. "जमलं गं." आवाजात आनंद नव्हता. "म्हाताऱ्यासाठी सोपं केलंस ना?"

हो म्हणणं खोटं ठरलं असतं, नाही म्हणणंही. "सगळ्यांसाठी केलं, बाबा. शंभरातले बासष्ट जण तिथंच सोडून जात होते. तरणीताठी पोरं एकोणीस वेळा पडून कंटाळली. तुम्ही एकशे चौदा वेळा उठलात. चूक माझ्या फळीची होती."

"बासष्ट?"

"बासष्ट."

"मग भाच्याला सांग," बाबा म्हणाले, "पेटी मिळायची नाही."