वायर लावली होती

सुकलूभाऊच्या गळ्यातली स्वरपेटीच काढावी लागेल, असं नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा घरात कोणी रडलं नाही. त्याच्या लेकीला, रंजीताला वाटलं, आपल्या आत कोणीतरी भुसा भरून ठेवला आहे. तिची माय कमळाबाई तर उठली आणि कोंबड्यांना कण्या टाकायला गेली. आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून खाणारा, दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळात उभा राहिला की शेजारच्या गावाला ऐकू जाणारा माणूस आता मुका होणार होता, आणि घर आपलं रोजच्यासारखं चाललं होतं. दगडाचं काळीज म्हणतात ते हेच का, असं रंजीताला मायकडे पाहून वाटलं.

ऑपरेशनला नागपूरला जायच्या आदल्या दिवशी तिनं तालुक्याचं सावली गाव गाठलं. बाचा आवाज तेवढा ठेवून घ्यायचा, बाकी काही सुचत नव्हतं. सरफराजभाईच्या मोबाईल दुकानात तिनं लांब वायरचा कॉलर माईक घेतला. तिच्या मोबाईलला हेडफोनचं छिद्रच नव्हतं, माईक चार्जिंगच्या जागीच लावायचा.

"ताई, चार्जिंग पुरी करून घ्या. एकच छेद हाय, माईक लावला का चार्जर लागत नाई," सरफराज म्हणाला. मग सेटिंगमध्ये जाऊन त्यानं ओटीजीचं, म्हणजे बाहेरून लावलेली वस्तू मोबाईलला दिसायचं बटण चालू केलं, माईक लावला, "हॅलो हॅलो" केलं, ऐकवलं. "हे बटण ध्यानात ठेवा. काई लावलेलं नसलं ना, तर धा मिनिटानं आपोआप बंद होते. घरी गेल्यावर पुन्हा चालू करा लागते."

रंजीतानं मान हलवली. त्या दिवसांत ती सगळ्यालाच मान हलवत होती.

घरी बा अंगणात बाजेवर बसला. शर्टाला माईक लावला, पण समोर मोबाईल पाहिला की त्याचा सूर अडखळायचा. "हटव ते डबडं! थे माह्याकडं पाहून राह्यलं," तो घोगऱ्या आवाजात खेकसला. वायर लांब होतीच. रंजीतानं मोबाईल सैपाकघराच्या खिडकीत, आतल्या बाजूला ठेवला. आत माय चुलीपाशी होती. रेकॉर्डिंग सुरू केलं, पडद्यावरची रेघ खालीवर नाचायला लागली. झालं, तिला वाटलं, चालू आहे.

बा गायला. गणाचं गाणं, मग सोंगांची, मग जे जे आठवलं ते. आवाज फाटला होता, तरी त्यानं जीव ओतला.

"ऐकवू का, बा?"

"नाई. गायलेलं गाणं त्याच दिवशी उष्टं करू नोको." त्याचा हा जुना नेम होता, दंडारीतल्या पोरांनाही तो हेच शिकवायचा. म्हणून कोणी ऐकलं नाही.

नागपूरहून परतल्यावर बाच्या गळ्याला छिद्र आणि मांडीवर पाटी होती. पेज पिता यायला लागली, त्या दिवशी त्यानं पाटीवर लिहिलं, "लाव."

रंजीतानं लावलं. पहिल्यांदा पितळी आपटली. मग चुलीत फुंकर मारल्याचा आवाज. कुठंतरी दूर, भिंतीपलीकडं कोणी गात होतं, पण शब्द एकही कळेना. बा पुढे वाकला. तिनं आवाज वाढवला.

मग जवळून, अगदी मोबाईलच्या तोंडाशी, कोणी हुंदका दिला. दाबलेला, पदरात कोंबलेला. पुन्हा. बाहेर गाणं चढत गेलं तसं आतलं रडणं वाढत गेलं. "देवा, माह्या माणसाचा गळा नोको रे नेऊ," असं बाई पुटपुटत होती.

रंजीताच्या ध्यानात आलं. वायर लावली होती, बटण नाही. ओटीजी बंद, तर माईक मोबाईलला दिसलाच नाही. त्यानं मुकाट्यानं आपल्याच पोटातला माईक घेतला होता, आणि तो होता मायजवळ. रेघ नाचली ती मायच्या भांड्यांनी आणि रडण्यानं. बाचा आवाज गेला, कायमचा गेला, आणि तो तिनं घालवला. हे कळूनही तिला काही वाटेना.

"बंद कर वो," कमळाबाई म्हणाली. तिचे डोळे आजही कोरडेच होते.

बानं हात वर करून अडवलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग पाटी ओढून घेतली आणि खडूनं सावकाश लिहिलं.

"काय लिवलं?" कमळाबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

रंजीतानं पाटी घेतली. "मोबाईलमधलं हे पुसू नोको, म्हणते बा, माय. मले माहीतच नोयतं, म्हणते."

कमळाबाईनं पदरानं पाटी पुसली, त्याच्या मांडीवर परत ठेवली, आणि पेजेची वाटी त्याच्या तोंडाशी नेली.