शाळा सोडण्याचे कारण

आत्याचा मुलगा गप्प बसला असता तर साहेबराव सोनकांबळेला मिळणार होती अहमदपूरच्या रस्त्याला लागून असलेली बारा एकर. सगळी. त्यातली सहा त्याच्या हक्काची आणि सहा आत्याच्या भिडस्तपणाची. दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं आणि साहेबरावच्या विहिरीत तळाचे दगड मोजता येत होते. पण नवा जिल्हा होणार अशी आवई उठली आणि तीन वर्षं ज्वारी न दिलेली जमीन एकाएकी प्लॉट द्यायला लागली. रोज कुणीतरी पांढऱ्या गाडीतून उतरायचं आणि बांधावर उभं राहून फोनवर बोलायचं.

आत्या म्हणजे नागुबाई. ती तीन वर्षांमागं वारली. तिचा एकुलता मुलगा मारोती नांदेडकडं उमरीला राहायचा. त्यानं आईचा वाटा मागितला, साहेबरावनं हसून चहा पाजला, मग प्रकरण अहमदपूरच्या कोर्टात गेलं.

मारोतीची मुलगी आम्रपाली तेवीस वर्षांची. वाटा मिळाला तरी तो बापाच्या नावावर, तिला काही नाही. तरी कोर्टाच्या प्रत्येक तारखेला तीच बसनं यायची. मुलगी किती मायाळू, असं लोक म्हणायचे. लोकांना काय कळतंय. आम्रपाली जमिनीसाठी येत नव्हती. ती प्रज्ञावर जळत होती.

प्रज्ञा साहेबरावची लेक, लातुरात दातांची डॉक्टर. तिच्या जातपडताळणीला दोन हजार नऊ साली घरातल्या कुणाचा तरी जुना पुरावा पाहिजे होता, एकोणीसशे पन्नासच्या ऑगस्टआधीचा. आजोबा ग्यानोबानं शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. साऱ्या खानदानात त्या काळी शाळेत गेलेली एकच, ग्यानोबाची धाकटी बहीण नागू. जून पन्नासला पहिलीत दाखल. साहेबराव किलोभर द्राक्षं घेऊन उमरीला आला, आत्याच्या पाया पडला आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेला. दाखला परत आला नाही. प्रज्ञाला मात्र वैधता प्रमाणपत्र मिळालं, सीट मिळाली, पांढरा कोट मिळाला.

आम्रपालीला बीएस्सीनंतर उमरीच्या सेतू केंद्रातली खुर्ची मिळाली. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांचे फॉर्म भरायचे. मोबाइलवर प्रज्ञाचा नवा फोटो आला की ती आईला दाखवायची. "बघ, आजीच्या कागदावर डॉक्टर झालेली बाई."

"तुझं काय गेलं गं?"

"कागद गेला ना!"

मारोतीचे वकील होते जहांगीरभाई. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून साहेबरावचं लेखी म्हणणं वाचलं. "बघा मारोतीराव, जमीन तुमच्या आजोबांनी, लिंबाजीनं, हमाली करून स्वतः घेतलेली. बायको आधीच वारलेली. मागं एक मुलगा, एक मुलगी. लिंबाजी सतरा जून छप्पन्ननंतर वारले असतील तर मुलीला अर्धी. त्याआधी वारले असतील तर मुलगा असताना मुलीला कायद्यानं काही नाही."

"आजी म्हणायची, बाप गेला अन् शाळा सुटली," आम्रपाली म्हणाली.

"म्हणायची! कोर्टाला साल पाहिजे. बासष्टच्या फेरफारात ग्यानोबानं सांगितलंय, बाप आठ वर्षांमागं वारला. म्हणजे चोपन्न. गावाचं मृत्यूचं रजिस्टर सापडत न्हाई. मला असा कागद द्या, ज्यात तो माणूस त्या तारखेनंतर जिवंत दिसंल."

कोर्टातून ती थेट आजीच्या जुन्या शाळेत गेली. वकिलाचा कागद शोधायला नाही. तो कुठं असणार, तिला ठाऊक नव्हतं. आजीच्या दाखल्याची दुसरी प्रत काढायची होती. निदान दाखला तरी आपल्या घरात असावा, प्रज्ञाच्या फायलीत नको.

शाळेचा कारकून वीरण्णा निवृत्तीला आलेला. अर्ज घेतला, आजीचं नाव वाचलं आणि हसला. "हिची नक्कल आधी बी नेली की कुणीतरी. लई मागणी हाय बाईला!"

त्यानं लोखंडी कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर काढलं. लांबट, कापडी पुठ्ठ्याचं. आम्रपालीनं सवयीनं बोट जातीच्या रकान्यावर ठेवलं. सेतूत बसणारी पोरगी, दाखला हातात आला की तेवढाच रकाना बघायची. साहेबरावनं तेच केलं होतं, पडताळणीच्या साहेबांनीही तेच. पानाच्या उजव्या टोकापर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

वीरण्णा नक्कल लिहीत मोठ्यानं वाचत होता. "वर्ग सातवा. सोडल्याची तारीख, अकरा नोव्हेंबर छप्पन्न. सोडण्याचे कारण, वडील गेल्या आठवड्यात मयत…"

"काय?"

"मयत. वारले."

"पुन्हा वाचा, मामा."

त्यानं पुन्हा वाचलं. खालीवर त्याच वर्षीची, त्याच शाईतली, त्याच हातची नावं होती. मधे कुणी घुसडलेलं नव्हतं. आम्रपालीला पहिला विचार सहा एकरांचा आला नाही. तिला वाटलं, हा कागद सात वर्षं प्रज्ञाच्या फायलीत पडून होता!

नुसती नक्कल पुरली नाही. जहांगीरभाईंनी मुख्याध्यापकांना समन्स काढलं. ते मूळ रजिस्टर घेऊन साक्षीला आले, पान न्यायाधीशांनी स्वतः पाहिलं. साहेबरावचा वकील उठला. ही नागू दुसरीच कुणी असेल, नोंद चुकीची असेल, असं म्हणाला.

जहांगीरभाईंनी पडताळणी समितीकडून मागवलेली प्रत पुढं केली. साहेबरावचं शपथपत्र, खाली सही: सदर नागू लिंबाजी ही माझ्या वडिलांची सख्खी बहीण असून तिची शाळेतील नोंद खरी आहे. सोबत वंशावळ.

मधल्या सुट्टीत साहेबराव व्हरांड्यात आम्रपालीजवळ आला. "पोरी, घरातलं भांडण घरात मिटवू की."

"मिटवा ना, काका. नोंद खोटी म्हणा. मी समितीला तसं कळवते. प्रज्ञाताईची वैधता त्याच नोंदीवर हाय."

"इतकी जळती व्हय तिच्यावर?"

"हाव," आम्रपाली म्हणाली.

तो आपल्या वकिलाला शोधायला निघाला. खोटं बोलली असती तर भांडता आलं असतं.

पुढच्या लोकअदालतीत तडजोड झाली. सहा-सहा एकर, दोन्ही हिश्श्यांची तोंडं रस्त्याला. हुकूमनामा तहसीलला गेला, मोजणीवाल्यांनी साखळी टाकून दगड रोवले, फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर मारोतीचं नाव चढलं.

हिशेब असा. साहेबरावनं सहा एकर दिले आणि लेकीचा कोट वाचवला. प्रज्ञानं काही दिलं नाही, वर तिनं आम्रपालीला मेसेज केला, "अभिनंदन, कधीतरी दात दाखवायला ये." मारोतीनं काही न देता जमीन घेतली आणि ती धाकट्या लेकाच्या नावानं करायची, असं बायकोशी बोलूनही ठेवलं. ते आम्रपालीनं दाराआडून ऐकलं. तिनं वर्षभराचे रविवार, अकरा तारखांच्या रजा आणि बसची तिकिटं घातली. बदल्यात नक्कल मिळाली, ती तिनं लॅमिनेट करून घेतली. नागुबाईनं सातवी अर्धी सोडली, ती तिला कुणी भरून दिली नाही.