पडद्याखालचं पत्र

"अब्बा, अजून ऐका ना!" लहानपणी फरहतची बडबड अशी सरतच नसे. म्हणून शिंपी नूर मोहम्मदच्या मनाला जास्तच लागे, की दुबईहून लेकीचा ईमेल येतो तो चारच ओळींचा. रुसून तोही एकच ओळ धाडायचा.

मूल गावातल्या सायबर कॅफेत काम करणारी शगुफ्ता त्याच्यासाठी अक्षरं सर्वांत मोठी करून देई. बोराएवढ्या अक्षरांनी चार ओळींतच पडदा भरून जाई. जन्मभराच्या पोस्टकार्डांची सवय, तो तिथंच पत्र संपलं समजून उठे.

आज शगुफ्तानं हटकलं, "चाचा, बाकीचं काऊन वाचत नाई?"

"बाकीचं कुठी हाय?"

तिनं माउसची चकरी फिरवली. ओळी वर सरकू लागल्या, कापडाचं थान उलगडत जावं तशा, सरता सरेनात.

"शब्द तेवढेच हायेत चाचा. अक्षरं मोठी केली का पडद्यात थोडंच मावते, बाकीचं खाली जाते."

नूर मोहम्मद श्वास रोखून बघत राहिला. एवढी लेक इथं खाली बसून होती! अगदी शेवटी तिनं विचारलं होतं, "अब्बा, एकच ओळ काऊन लिहिता? रागावले का?"

त्यानं चष्मा काढला.

"फरहतले लिही, बेटा. आता राग नाई म्हणा. मले आता धड दिसत नाई, म्हणून चारच ओळी दिसत होत्या; तेच तिच्यापासून लपवून राह्यलो होतो."