शेजारच्या दोन भाषा

बडोद्यात, विद्यापीठाच्या त्या बंद खोलीत, पीएचडीच्या तोंडी परीक्षेला माझे पाय लटपटत होते. परीक्षक वसुंधराबाईंनी विचारलं, "तुझ्या प्रबंधातल्या या दोन भाषा एकाच कुळातल्या, हे कशावरून?"

"दोन्हींत ट, ड, ण आहेत. क्रियापद शेवटी येतं."

"ते मराठीत आहे, कानडीतही आहे. म्हणून त्या सख्ख्या बहिणी झाल्या? शेजारानंही भाषा सारख्या होतात, मोहना. रोजचे मूळ शब्द जुळवून पाहिलेस?"

नव्हते पाहिले. गरज नाही, असं माझे मार्गदर्शक विश्रामसरच म्हणाले होते. त्यांचं सगळं नाव असल्याच पुराव्यावर उभं होतं. आता बोला की! मी चिडून शेजारी बसलेल्या सरांकडे वळले.

त्यांच्या हातातला पाण्याचा पेला माझ्या पायांपेक्षा जास्त थरथरत होता.