तंबोल्याचं पान

लिंडाची मेल दोनच ओळींची होती. 'उद्या सकाळी माझ्याकडे या. लॅपटॉप जसा आहे तसा आणा.' खाली तिचं पद होतं : माहिती सुरक्षा. अमेरिकेतल्या बॉथेलच्या पावसातून ड्राइव्ह करत घरी पोचेपर्यंत सुशांत बेडेकर त्याच दोन ओळी मनात पुन्हा पुन्हा वाचत होता.

गुन्हा म्हणावा तर एवढाच. सुशांत मराठी मंडळाचा सेक्रेटरी होता आणि मंडळाची वेबसाइट तोच सांभाळायचा. कोजागिरीला तंबोला ठेवल्याचं त्यानं तिथे हौसेनं जाहीर केलं, तिकिटाचे दर आणि बक्षिसांसकट. आठवड्याभरात ऑफिसच्या फिल्टरनं ती साइट अडवली. पडद्यावर लाल पाटी आली : 'वर्ग : जुगार'.

पाटीच्या तळाशी 'चुकून अडवली असल्यास कळवा' असं बटण होतं. पण कळवायचं कुणी आणि कुठल्या तोंडानं? मी जुगाराच्या साइटवर जात होतो, पण ती आमच्या काकू-मावश्यांची आहे, असं? त्यापेक्षा सुशांतनं घरच्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधला खाजगी बोगदा, उभारला. ऑफिसच्या लॅपटॉपवरून जेवणाच्या सुट्टीत तो घराला जोडून घ्यायचा आणि घरच्या इंटरनेटवरून मंडळाचं पान उघडायचा. सुशांतसारख्या काँट्रॅक्टर लोकांना आपापल्या कंपनीला जोडता यावं म्हणून ऑफिसनं व्हीपीएनची वाट मोकळी ठेवली होती. सुशांत त्याच वाटेनं घरी गेला. फिल्टरला आतलं काही वाचता येत नव्हतं. फिल्टर गप्प, म्हणजे ऑफिसही गप्प, असा त्याचा समज.

"व्हिसाचं काय होईल रे?" त्याच्या बायकोनं, उल्कानं, विचारलं. तिनं भीतीला नेमकं नावानं हाकारलं. नोकरी गेली तर व्हिसा जाणार, आणि व्हिसा गेला तर लेकीची, आरोहीची, शाळासुद्धा.

सुशांतनं मिहीरला फोन लावला. मिहीर त्याच ऑफिसात, मंडळातही होता आणि दुसऱ्याच्या संकटात फार हुशार होता.

"साफ करून टाक यार! माझ्याकडे एक क्लीनर प्रोग्रॅम आहे, मागमूस ठेवत नाही."

"पण तिनं 'जसा आहे तसा' लिहिलंय."

"अरे, तसं लिहायचंच असतं."

हे सुशांतला पटलं. आपल्याकडे 'काही करू नका हं' म्हणत आलेल्या पाहुण्यासाठी शिरा होतोच. घर आवरून, उशांचे अभ्रे बदलून मग 'पसाराच आहे' म्हणायचं, ही रीत. त्यानं लॅपटॉप आवरला. व्हीपीएनचं कनेक्शन काढलं, ब्राउझरचा इतिहास पुसला, आणि क्लीनरनं पुसल्या जागेवरून पुन्हा पोचारा फिरवला.

सकाळी लिंडानं त्याला कॉफी दिली. लॅपटॉप शेजारच्या तंत्रज्ञाकडे गेला.

"फायरवॉलमध्ये दिसलं," ती म्हणाली, "रोज दुपारी या लॅपटॉपवरून कुणाच्यातरी घरच्या इंटरनेटला बोगदा जातो. बोगद्यात काय आहे ते आम्हाला दिसत नाही. आपण आरोग्य विमा कंपनी आहोत. पेशंटची माहिती बाहेर गेली नाही, एवढं मला सिद्ध करावं लागतं. काय बघत होता?"

"तंबोला," सुशांत म्हणाला. मग त्याला आपलं वाक्य ऐकू आलं.

त्यानं सगळं सांगितलं. कोजागिरी, मसाला दूध, काकू. लिंडानं तिथल्या तिथे फिल्टरची बंदी काढून मंडळाचं पान उघडलं. साडीतल्या पंधरा बायका एका केळीच्या खांबाभोवती हसत उभ्या होत्या. लिंडाही हसली. सुशांतचा श्वास मोकळा झाला.

"बटण दाबलं असतंत तर त्याच दिवशी साइट उघडून दिली असती. पहिल्या दिवशी सही केलेल्या नियमात परवानगीशिवाय व्हीपीएन चालत नाही असं आहे, त्याबद्दल फार तर लेखी समज मिळाली असती. पण…"

तंत्रज्ञ दारात आला होता. "काल संध्याकाळी पुसलाय. परत मिळण्यासारखं काही नाही."

लिंडाचं हसू कॉफीसारखं निवलं.

"मंडळाच्या सर्व्हरवर नोंदी असतील!" सुशांत घाईघाईनं म्हणाला. "मी तिथेच जात होतो, दिसेल तुम्हाला!"

"तुम्ही तिथे गेलात, हे दिसेल. दुसरीकडे कुठे गेला नाहीत, हे फक्त या लॅपटॉपवरून काही अंशी कळलं असतं." तिनं आपली मेल पडद्यावर उघडली. "मी 'जसा आहे तसा' लिहिलं होतं."

तो काय सांगणार होता? शिऱ्याचं?

बॅज काढून घेऊन त्याला गाडीपर्यंत पोचवलं. गाडीत बसतो न बसतो तोच त्याला इथे कामावर पाठवणाऱ्या कंपनीच्या राजेशचा फोन. "क्लायंटनं काढलंय तुला. आता आम्ही टर्मिनेट केलं तर इमिग्रेशनला कळवावं लागतं. वरच्यांशी बोलतो. प्रॉमिस नाही करत."

फोन ठेवला तशी दुसरी रिंग. मंडळाचे अध्यक्ष जगन्नाथकाका.

"सुशांत, चमत्कार! मिहीर म्हणतोय, आपली साइट तुमच्या ऑफिसात आत्ता उघडली! आणि हो, तंबोल्याचे आकडे कोजागिरीला तूच पुकारायचेस. असणार आहेस ना?"

काचेवर पाऊस वाजत होता. सुशांत फोन कानाला धरून कोजागिरीपर्यंतचे दिवस बोटांवर मोजू लागला.