एका सहीची गाडी

टपालाने आलेल्या व्हॅनच्या नव्या नोंदणीपत्रावर आपलं नाव नाही, हे पाहून ताईला आधी हसूच आलं. कारकुनाने डुलकी काढली असेल, दुसरं काय! हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी पोचवायच्या सोडून तिने व्हॅन थेट वाहन नोंदणी कार्यालयाच्या आवारात घातली.

"चूक नाहीये," खिडकीतल्या बाई पडद्यावर बघत म्हणाल्या. "तुमच्या बहिणीने लग्नाचा दाखला जोडून आडनाव बदललं, आणि सोबत तुमचं नाव कमी करायचा अर्ज दिला. जुनं नोंदणीपत्रही जमा केलंय."

ते जुनं नोंदणीपत्र ताईनेच दिलं होतं. "आडनाव बदलायचंय गं," म्हणत धाकटी लाडात आली, आणि या शहाणीने ते कपाटातून काढून तिच्या हातात ठेवलं.

"पण माझ्या सहीशिवाय माझं नाव निघतंच कसं?"

"दोन नावांमध्ये 'आणि' असतं, तर दोघींची सही लागली असती. तुमच्यात 'किंवा' आहे. मग कुणाही एकीची पुरते. हा बघा तुमचाच अर्ज."

ताईने बघितला. तीन वर्षांपूर्वी धाकटीची नोकरी सुटली, घरात तोंड लपवून बसायची, तेव्हा ताईने स्वतःच्या घामाच्या व्हॅनवर तिचं नाव चढवलं होतं. 'किंवा'च्या चौकोनात ताईच्याच हातची ठसठशीत खूण. उद्या आपल्याला काही झालं तर पोरीचं अडायला नको, एवढाच तिचा विचार. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तोही किती हौसेने!

"मग घाला परत माझं नाव."

"आता मालक त्या. त्यांची सही आणा."

ताईने तिथूनच फोन लावला.

"चिडू नकोस ना ताई," धाकटी म्हणाली. "यांना धंदा सुरू करायचाय. आणि तुझे गुडघे तरी कुठे साथ देतायत आता?"

"अगं, मी खाऊ काय?"

पलीकडे कुजबुज झाली. "कार्यालयातच आहेस ना? हे निघालेत. दुसरी किल्ली आहे त्यांच्याकडे. तू चादरी तेवढ्या उतरवून ठेव."

धाकटीचा नवरा रिक्षाने आला. माणूस मोठा अदबीचा. "तुम्ही वाकू नका ताई, पाठ धरेल," म्हणत सगळी गाठोडी त्यानेच उतरवून फुटपाथवर रचली. ताईला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, पण हात उठेना.

तो चालवायला बसला. व्हॅन मागे घेताना भलतीकडेच वळवली. मागचा खांब त्याला दिसत नव्हता. व्हॅनला पोचा येणार म्हणून ताईचा जीव कळवळला. ती मागे धावली, हात हलवत ओरडली, "डावीकडे घ्या... येऊ द्या, येऊ द्या... अजून येऊ द्या."