सहाशे मिली

ती शाळेतल्या मुलांना इलेक्ट्रिक रिक्षातून ने-आण करायची. गाडीची देखभाल तिच्या थोरल्या भावाच्या गॅरेजमध्ये व्हायची. शाळेच्या इतर बारा गाड्याही त्याच्याकडेच होत्या, म्हणून तिचा नंबर नेहमी शेवटी लागे. घरचीच गाडी, तिला कसली घाई!

मागच्या चाकांना फिरवणारे दाते एका लोखंडी डब्यात असतात, त्याला डिफरन्शियल म्हणतात. त्यात नव्वद नंबरचं गिअर ऑइल लागतं. तिच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं : सहाशे मिली, पहिल्यांदा हजार किलोमीटरला बदला, मग दर दहा हजारांनी. म्हणजे दुसरी पाळी अकरा हजारला. ती अकरा हजारला गेली, तेव्हा दादा म्हणाला, "आज नको गं, पुढच्या आठवड्यात ये." पुढच्या आठवड्यातही तेच. शेवटी तेल बदललं तेव्हा मीटरवर अकरा हजार नऊशे होते, आणि गाडीच्या सर्व्हिस कार्डावर तोच आकडा लिहिला गेला.

त्या दिवशीही दादा घाईतच होता. गाडीचं डावं चाक जॅकवर तसंच ठेवून त्याने तेल ओतायला घेतलं. डब्याच्या बाजूला एक भोक असतं. सपाट जागी गाडी उभी करून त्याच्या कडेला तेल टेकलं की थांबायचं. पण गाडी कलती असली की तेल उजव्या चाकाकडे जाणाऱ्या नळीत उतरतं आणि कडेपर्यंत येतच नाही. लिटरची बाटली रिकामी झाली.

"दादा, पुस्तकात सहाशे आहे."

"पुस्तक लिहिणाऱ्याने कधी पाना धरलाय का? पितेय तेवढं पिऊ दे तिला."

आठव्या दिवशी शाळेसमोरच्या उतारावर तिने ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. तिने ती कुंपणाच्या भिंतीला घासत नेली, म्हणून वाचले सगळे. पुढे बसलेल्या मुलीचा दात मात्र पडला. ओंजळीत दात धरून ती विचारत होती, "मावशी, हा परत बसतो का?"

गाडी ओढून दादाच्या गॅरेजमध्ये नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या गाड्यांवर देखरेख करणारे साहेब तपासायला येणार होते. दोष तिचा निघाला, तर मुलं न्यायची परवानगी जाणार होती. ती साहेबांच्या थोडी आधी पोहोचली. दादा हात पुसत होता. गाडीखालच्या तसराळ्यात मधाच्या रंगाचं ताजं तेल होतं. जास्तीचं तेल त्याने आधीच काढून घेतलं होतं.

साहेबांनी उजव्या चाकाचा ड्रम उघडायला लावला. ब्रेकचे लायनर तेलाने चिंब होते, म्हणून ब्रेक धरलाच नव्हता.

"तेल जास्त झालं की चाकाजवळ ते अडवणाऱ्या रबरी सीलमधून असंच बाहेर येतं. किती भरलंत?"

"सहाशे. पुस्तकाप्रमाणे," दादा म्हणाला.

"भोक उघडा."

दादाने बोल्ट काढला. साहेबांनी आत बोट घातलं. तेल कडेच्या थोडं खालीच होतं.

"जास्त नाही. मग सील का गेलं?"

"कार्ड बघा ना, साहेब. नऊशे किलोमीटर उशीर. जुनं तेल कामातून गेलं होतं, त्यात सील खराब झालं. बायकांना वाटतं, गाडी चालतेय तोवर चालतेय."

ती तसराळ्याकडे बघत म्हणाली, "दादा, हे ताजं तेल कुठून आलं?"

"दुसऱ्या गाडीचं आहे."

"त्यानेच लिटरभर ओतलं, साहेब. गाडी जॅकवर होती. आणि उशीर माझा नाही, हाच परत पाठवत होता."

साहेबांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. "परत पाठवल्याचं कुठे लिहिलंय? उशीर मात्र लिहिलाय. आणि बाई, स्वतःचा भाऊ तुमच्याविरुद्ध खोटं का बोलेल?"

याचं उत्तर तिला ठाऊक होतं. तरी ते साहेबांना पटेल असं सांगता येईना. ती म्हणाली, "बारा गाड्या." साहेबांना ते कळलंच नाही. त्यांनी परवानगीच्या कागदावर आडवी रेघ मारली.

ते गेल्यावर दादाने तिच्यासाठी खुर्ची पुसली.

"बस. रागावू नकोस. माझं नाव निघालं असतं तर बाराच्या बारा गेल्या असत्या. तुझी एकच गेली. बाजारची भाडी मार की! सील, लायनर, सगळं मी बसवून देतो, फुकट."

"तिचा दात?"

"दुधाचा असेल."

"दुधाचा नव्हता, दादा."

त्याने तसराळं उचललं आणि ते स्वच्छ तेल नरसाळ्याने बाटलीत भरायला लागला. दुसऱ्या गाडीला चाललं असतं. तिने कोपऱ्यातली दोरी घेतली, रिक्षाच्या पुढच्या दांड्याला बांधली आणि खांद्यावर घेऊन ओढायला लागली. दुसरं गॅरेज दीड किलोमीटर लांब होतं. वाटेत चढ होता.

"अगं, वेडी आहेस का? थांब, ढकलतो," दादा म्हणाला आणि मागे हात लावायला धावला.

"हात काढ," ती म्हणाली.